मे महिन्यात लातुरात पुस्तकांचं काय होतं

नीटची परीक्षा साधारण मे महिन्याच्या पहिल्या रविवारी असते. त्याच्या दुसऱ्या दिवसापासून लातूरच्या ट्यूशन एरियातल्या वसतिगृहांसमोर छोटे हत्ती, ऑटो आणि बापाच्या मोटारसायकली उभ्या राहतात. गाद्या, बादल्या, कुलर, टेबल-पंखा असं सगळं खाली येतं आणि गावाकडे निघतं. पुस्तकांचं मात्र तसं होत नाही. ती एकतर खोलीतच राहतात, नाहीतर जिन्याखाली रचली जातात आणि आठवड्याभरात रद्दीवाला येऊन ती काट्यावर चढवतो. उन्हाळा संपायच्या आत खोली नव्या मुलाला द्यायची असते, त्यामुळे वसतिगृहाच्या मालकालाही जागा मोकळी हवी असते.

मी उदगीरच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवतो. दरवर्षी अकरावीच्या वर्गात अशी मुलं असतात ज्यांच्याकडे ऑगस्ट उजाडला तरी भौतिकशास्त्राचं पुस्तक नसतं. त्याच जिल्ह्यात, साठ-सत्तर किलोमीटरवर, तेच पुस्तक मे महिन्यात किलोच्या भावानं गेलेलं असतं. लातूर पॅटर्न मराठवाड्याच्या अभिमानाचा विषय आहे आणि राजर्षी शाहू, दयानंद अशा महाविद्यालयांनी तो कष्टानं उभा केला आहे. आठही जिल्ह्यांतून मुलं इथं येतात, त्यामुळे अकरावी-बारावी विज्ञानाच्या पुस्तकांचा एवढा मोठा साठा मराठवाड्यात दुसऱ्या कुठल्याही गावात तयार होत नाही. हा साठा कुठं जातो, हा मला सार्वजनिक प्रश्न वाटतो. तो ग्रंथदानाच्या आवाहनांनी सुटणार नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ग्रंथदानाची नेहमीची पद्धत आपल्याला माहीत आहे. फलक लागतो, खोकं ठेवलं जातं, लोक घरातलं नको ते आणून टाकतात आणि ती खोकी एखाद्या खेड्यातल्या शाळेला 'भेट' जातात. फोटो निघतो. खोकी उघडल्यावर त्यात दहा वर्षांपूर्वीचं गाईड, पानं गळालेलं व्यवसाय मार्गदर्शन, कंपन्यांच्या डायऱ्या आणि दुसऱ्याच माध्यमाची पाठ्यपुस्तकं निघतात. शाळेनं ती नाकारली तर उद्धट ठरते आणि ठेवून घेतली तर कपाट अडतं. देणाऱ्याची अडचण घेणाऱ्याच्या दारात नेऊन ठेवणं म्हणजे पुनर्वापर नव्हे. पुनर्वापर झाला असं तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा ठरावीक पुस्तक त्याची गरज असलेल्या ठरावीक मुलाच्या हातात, त्याचं वर्ष सुरू व्हायच्या सुमारास पडतं. त्यासाठी मनाचा मोठेपणा पुरत नाही. निवड लागते, आणि निवडणाऱ्याला विषय कळावा लागतो.

निवड म्हणजे नेमकं काय, ते एका थप्पीवरून सांगतो. कंधार तालुक्यातली एक मुलगी दोन वर्षं लातुरात राहिली. खोली सोडताना तिच्या टेबलाखालून निघालेला ढीग वीस-पंचवीस किलोचा होता. रद्दीवाला त्याचे फार तर अडीचशे-तीनशे रुपये देणार होता. त्यात काय काय होतं?

सगळ्यात वर एनसीईआरटीची पुस्तकं होती. जीवशास्त्राची दोन, भौतिकशास्त्राची चार आणि रसायनशास्त्राची चार, असा दहा पुस्तकांचा संच. नीटचा पाया हाच. नवा घ्यायचा तर हजार-दीड हजारांच्या घरात जातो. मजुरी करणाऱ्या घराला ती रक्कम एकदम काढणं जड जातं, म्हणून मुलं एक-एक पुस्तक करत घेतात आणि तोवर सहामाही येते. या दहांपैकी जीवशास्त्र आणि भौतिकशास्त्र तिनं स्वतः विकत घेतलेलं, नव्या आवृत्तीचं होतं. रसायनशास्त्राची चारही पुस्तकं मात्र चुलतभावाची, जुन्या आवृत्तीची होती.

इथंच दान फसतं. एनसीईआरटीनं 2022 मध्ये अभ्यासक्रमाची काटछाट जाहीर केली आणि त्यानंतर छापलेल्या पुस्तकांतून बरेच धडे गेले. पुढे 2023 च्या नोव्हेंबरात नीटचाही सुधारित अभ्यासक्रम आला आणि 2024 ची परीक्षा त्यावर झाली. म्हणजे वरून सारखीच दिसणारी दोन पुस्तकं आतून वेगळी आहेत. जुनं पुस्तक ज्याला दिलं, त्याला कुणी सांगितलं नाही तर तो परीक्षेत नसलेल्या धड्यांवर महिना घालवतो. गावातल्या मुलाला हे सांगायला शेजारी कुणी नसतं.

ओळखायला अवघड नाही, मुखपृष्ठ उलटलं की कळतं. बारावीच्या जीवशास्त्राचा पहिला धडा 'रिप्रॉडक्शन इन ऑरगॅनिझम्स' असेल तर पुस्तक जुनं. नव्यात सुरुवातच 'सेक्शुअल रिप्रॉडक्शन इन फ्लॉवरिंग प्लांट्स'पासून होते. बारावीचं रसायनशास्त्र 'द सॉलिड स्टेट'नं उघडलं तर जुनं, 'सोल्युशन्स'नं उघडलं तर नवं. अकरावीच्या भौतिकशास्त्रात पहिला धडा 'फिजिकल वर्ल्ड' असेल तर जुनं, 'युनिट्स अँड मेजरमेंट्स' असेल तर नवं. अकरावीच्या जीवशास्त्राला पहिला धडा उपयोगी पडत नाही, तिथं धडे मोजावे लागतात. जुन्यात बावीस, नव्यात एकोणीस. ज्याला इंग्रजी अनुक्रमणिका वाचता येते असा कोणताही विद्यार्थी हे काम दिवसभर बसून करू शकतो.

मग जुनं पुस्तक रद्दीत टाकायचं का? नाही, आणि हे विषय शिकवणाऱ्यालाच सांगता येईल. बारावीच्या रसायनशास्त्रातून 'पी-ब्लॉक' हा धडा एनसीईआरटीनं काढला, पण नीटच्या अभ्यासक्रमात तेराव्यापासून अठराव्या गटापर्यंतची पी-ब्लॉक मूलद्रव्यं आहेतच. नव्या पुस्तकांच्या संचात पंधरा ते अठरा हे गट सापडत नाहीत. त्या मुलीच्या चुलतभावाचं जुनं पुस्तक त्या एका धड्यासाठी सोन्यासारखं आहे. म्हणून अशी पुस्तकं निवडणारे आम्ही दोन-चार शिक्षक जुन्या रसायनशास्त्राच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेनानं ठळक लिहितो: 'जुनी आवृत्ती. पी-ब्लॉकसाठी वापरा. बाकी धडे नव्या पुस्तकाशी ताडून पाहा.' हे तीन ओळींचं लेबल नसेल तर पुस्तक देऊ नये, इतक्या टोकाला मी जातो.

थप्पीत दुसरा गठ्ठा राज्य मंडळाच्या पुस्तकांचा होता. बारावीची भौतिक, रसायन, जीव, गणित आणि भाषांची पुस्तकं. यांच्याकडे लातुरात कुणी आपुलकीनं बघत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष नीटवर. पण एमएचटी-सीईटी राज्य मंडळाच्याच अभ्यासक्रमावर होते. वीस टक्के अकरावीवर, ऐंशी टक्के बारावीवर. अभियांत्रिकी, औषधनिर्माणशास्त्र आणि कृषी पदवीला जाणाऱ्या मुलांना हेच पुस्तक लागतं, आणि मराठवाड्यातल्या खेड्यांतून नीटपेक्षा अशा अभ्यासक्रमांना जाणारी मुलंच मी जास्त पाहतो. बालभारतीची सध्याची अकरावीची पुस्तकं 2019 मध्ये आणि बारावीची 2020 मध्ये आली. मुखपृष्ठाच्या आत 'प्रथमावृत्ती' आणि 'पुनर्मुद्रण' अशा ओळी असतात. प्रथमावृत्तीचं साल हे असेल तर पुनर्मुद्रण कोणत्याही सालचं असलं तरी धडे तेच. नवा अभ्यासक्रम 2025-26 मध्ये पहिलीपासून सुरू झाला आहे आणि टप्प्याटप्प्यानं वर सरकणार आहे. तो बारावीपर्यंत पोचेपर्यंत ही पुस्तकं चालतील. म्हणजे आज लातुरात पडून असलेलं बारावीचं पुस्तक अजून दोन-तीन मुलांच्या हातून जाऊ शकतं.

तिसरा गठ्ठा बहुपर्यायी प्रश्नांच्या जाडजूड पुस्तकांचा. किंमत पाहिली तर सगळ्यात महाग हीच, पण सगळ्यात लवकर निकामीही हीच होतात. कारण मुलं उत्तराच्या पर्यायावर पेनानं टिक करतात. उत्तर आधीच दिसलं की प्रश्न सोडवणं संपतं आणि नुसतं वाचणं उरतं. पेन्सिलची खूण खोडरबरानं जाते, पेनाची जात नाही. आमचा नियम असा आहे की चाळून पाहताना चार प्रश्नांमागे एकापेक्षा जास्त पेनाच्या खुणा दिसल्या तर ते पुस्तक सरावाच्या संचात घ्यायचं नाही. ते शिक्षकाकडे द्यायचं. शिक्षकाला वर्गात फळ्यावर घालायला प्रश्न हवेच असतात आणि तिथं खुणेनं काही बिघडत नाही. या एका नियमानं निम्मी भांडणं मिटतात. आणि लातुरात आज असलेल्या मुलांना माझी विनंती आहे: उत्तरं वहीत लिहा, नाहीतर पेन्सिलीनं टिक करा. तुमचाही फायदा आहे, त्यामुळे तेच पुस्तक तुम्हाला डिसेंबरात पुन्हा कोरं सोडवता येतं.

खुणांबद्दल एक उलटी गोष्टही आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. त्या मुलीच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात जवळजवळ प्रत्येक पानावर इंग्रजी शब्दांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत मराठी अर्थ लिहिले होते. परागकण, बीजांड, अपरा, उत्परिवर्तन. ती दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेली, अकरावीला एकदम इंग्रजीत पडली आणि पहिले चार-सहा महिने तिनं असे काढले. तिच्या तालुक्यातली पुढची मुलगी त्याच ठिकाणी अडकणार आहे. नवं कोरं पुस्तक तिला हे देऊ शकत नाही. दुकानात जे दुय्यम ठरतं, त्याचं मोल इथं वाढतं. म्हणून निवडताना आम्ही अशी पुस्तकं वेगळी ठेवतो आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना आधी देतो. सेमी-इंग्रजीतून आलेल्यांना त्यांची तेवढी गरज नसते. उर्दू माध्यमातून येणाऱ्या मुलांसाठीही असंच कुणीतरी उर्दूत अर्थ लिहिलेलं पुस्तक मिळालं तर ते जपून ठेवावं. नांदेड, परभणी, बीड, छत्रपती संभाजीनगर या जिल्ह्यांत अशी मुलं पुष्कळ आहेत आणि त्यांच्याकडे अशी पुस्तकं पोचत नाहीत.

चौथा गठ्ठा खासगी क्लासच्या छापील नोट्स आणि टेस्ट पेपरचा. यातलं फारसं काही दुसऱ्याच्या कामाचं नसतं. त्या नोट्स त्या वर्गात बसणाऱ्यासाठी लिहिलेल्या असतात, अर्ध्या वाक्यांत, चढत्या क्रमानं. टेस्ट पेपर उत्तरतालिकेसह असेल तरच ठेवतो.

आता रद्दीवाल्याबद्दल. त्याला खलनायक करणारं लेखन मला पटत नाही. जुन्या पुस्तकांची वर्गवारी करणारी सर्वांत जुनी आणि सर्वांत कुशल माणसं तीच आहेत. खपणारी पुस्तकं ती आधीच बाजूला काढतात, जुन्या पुस्तकांच्या दुकानांत ती निम्म्या किमतीला मिळतात आणि हे चालू राहिलं पाहिजे. ज्याला परवडतं त्यानं तिथून घ्यावं. पण या बाजाराला दोन मर्यादा आहेत. विकत घेणारा लातुरात हजर असावा लागतो, आणि दुकानदार तेच ठेवतो जे पटकन खपतं. राज्य मंडळाचं बारावीचं पुस्तक किंवा पी-ब्लॉकचं जुनं रसायनशास्त्र त्याच्या दृष्टीनं कागद आहे. किनवट किंवा मुखेडच्या मुलाला लातूरला यायचं-जायचं एसटीभाडं आणि बुडालेला दिवस धरला तर निम्मी किंमतही नव्या पुस्तकाएवढीच पडते. बाजार जिथं थांबतो तिथूनच पुढे सार्वजनिक काम सुरू व्हायला हवं, बाजाराशी स्पर्धा करायचं कारण नाही.

दुसरा आक्षेप हमखास येतो. एनसीईआरटी आणि बालभारती दोघंही पुस्तकांच्या पीडीएफ फुकट देतात, मग कागद कशाला वाहायचा? पीडीएफ जरूर असावी. जुन्या-नव्या आवृत्तीची शंका आली तर मी स्वतः ती उघडून पाहतो. पण ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे आणि तो दिवसभर शेतावर किंवा कामावर असतो, तिथं मुलाच्या वाट्याला तो रात्री येतो, तोही चार्जिंग उरलं तर. सहा इंचांच्या पडद्यावर कार्बनी अभिक्रियांची साखळी पाठ करणं मी कुणाला सांगू शकत नाही.

खरी अडचण वेळेची आहे. पुस्तक मे महिन्यात सुटतं आणि घेणारा जून, जुलै, कधी ऑगस्टमध्ये सापडतो. 2025-26 पासून अकरावीचे केंद्रीय ऑनलाइन प्रवेश राज्यभर लागू झाले आणि त्या वर्षी अनेक ठिकाणी वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट लागला. म्हणजे मधले दोन-तीन महिने पुस्तक कुठंतरी ठेवावं लागतं, आणि त्यात पावसाळ्याची सुरुवात येते. बहुतेक उपक्रम इथंच मरतात. कुणाच्या तरी गोडाऊनमध्ये खोकी फरशीवर, भिंतीला टेकवून ठेवली जातात. जुलैत उघडली की खालच्या थराला वाळवी आणि मधल्या थराला बुरशी. काळ्या मातीच्या गावांत तर वाळवी फरशीच्या सांध्यातून वर येते. यावर महागडा उपाय नाही. विटांवर फळी, भिंतीपासून हातभर अंतर, खोक्याऐवजी उघडी थप्पी म्हणजे हवा खेळते, आणि पंधरवड्याला एकदा वरची-खालची पुस्तकं उलटून पाहणं. कडुनिंबाचा वाळलेला पाला ठेवतात तो कसरीसाठी बरा, वाळवीला त्यानं काही होत नाही. वाळवीची मातीची नळी भिंतीवर दिसली की थप्पी हलवायची, हाच उपाय.

पण साठवणं जितकं कमी करता येईल तितकं चांगलं, आणि त्यासाठी क्रम उलटा करावा लागतो. आधी मागणी, मग गोळा करणं. मार्च-एप्रिलमध्ये तालुक्यातल्या कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीतून बारावीत जाणाऱ्या मुलांची यादी करावी. कुणाला कोणतं पुस्तक हवं, नीट की सीईटी, दहावी कोणत्या माध्यमात झाली, एवढंच. ही मुलं तेव्हा हजर असतात, शोधावी लागत नाहीत. दहावीतून अकरावीत येणाऱ्यांचं मात्र नंतर बघावं लागतं. यादी हातात असेल तर मे महिन्यात वसतिगृहाच्या जिन्याखाली बसलेल्या माणसाला माहीत असतं की मुखेडला बारावीची तेवीस भौतिकशास्त्रं हवी आहेत आणि चोविसावं उचलायचं नाही.

आणि वाहतूक? तीही त्याच वसतिगृहात आहे. मुखेडची, कंधारची, किनवटची मुलं त्याच आठवड्यात गावी निघालेली असतात. पन्नास किलोचा टेम्पो करण्यापेक्षा तालुक्यानुसार दहा-दहा पुस्तकांच्या थप्प्या बांधून, वर महाविद्यालयाचं नाव लिहून, त्या-त्या तालुक्याला जाणाऱ्या मुलांच्या सामानात दिल्या तर भाडं लागत नाही. मुलं नाही म्हणत नाहीत, कारण पुस्तक आपल्याच गावाकडे चाललंय हे त्यांना दिसतं.

हे कुणी करायचं, हा माझ्या लेखाचा मुख्य मुद्दा आहे. दोन-चार हौशी शिक्षकांच्या भरवशावर ते एक-दोन वर्षं चालतं, मग त्यांची बदली होते. महाराष्ट्रात 1967 चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, त्याखाली शासनमान्य वाचनालयं तालुक्यात आणि गावोगावी आहेत, अनुदान घेतात, आणि पुष्कळांकडे स्पर्धा परीक्षेची अभ्यासिकाही आहे. पुस्तक ठेवायला जागा, उघडायला माणूस आणि मुलांची ये-जा, तिन्ही तिथं तयार आहे. तरी वाचनालयं या पुस्तकांना हात लावायला कचरतात, आणि त्याचं कारण त्यांची अनास्था नाही. वाचनालयात आलेलं पुस्तक दाखल नोंदवहीत चढलं की ते संस्थेच्या मालमत्तेत जातं. दरवर्षी तपासणीत ते दाखवावं लागतं, आणि काढायचं तर निर्लेखनाची रीतसर प्रक्रिया करावी लागते. बारावीचं पुस्तक दोन वर्षांत फाटणार, अभ्यासक्रम बदलला की निरुपयोगी होणार. असं पुस्तक कोणता ग्रंथपाल नोंदवहीत चढवेल?

म्हणून माझी मागणी साधी आहे. ग्रंथालय विभागानं शासनमान्य वाचनालयांना एक 'अदलाबदल कपाट' ठेवण्याची लेखी मुभा द्यावी. त्यातली पुस्तकं दाखल नोंदवहीत न चढवता वेगळ्या साध्या वहीत लिहिली जावीत: पुस्तक, आवृत्ती, कुणाकडून आलं, कुणाला गेलं, परत यायची तारीख. अनामत रक्कम नको, कारण ज्याला अनामत भरता येते तो बहुधा पुस्तकही घेऊ शकतो. परतीची हमी म्हणून कनिष्ठ महाविद्यालयाच्या शिक्षकाची सही पुरे. पुस्तक नाही परत आलं तरी चालेल, पुढच्या मे महिन्यात लातुरातून दुसरं येणार आहे. ज्या कपाटाला हरवलेल्या पुस्तकाची भीती आहे, ते कपाट कुलूपबंदच राहतं.

धोरणाचा परिणाम किती खोल जातो याचं एक उदाहरण आपल्याकडे ताजं आहे. 2023 मध्ये राज्य शासनानं दुसरी ते आठवीच्या पाठ्यपुस्तकांतच वहीची कोरी पानं घालायचा निर्णय घेतला. पुस्तकाचे चार भाग केले, हेतू दप्तराचं ओझं कमी करण्याचा होता. पण ज्या पुस्तकात मुलानं लिहायचंच आहे ते वर्ष संपताना दुसऱ्याला देता येत नाही. या वयोगटात शासकीय आणि अनुदानित शाळांत पुस्तकं मोफत मिळतात हे खरं, तरीही हंगाम संपवून फडावरून उशिरा परतणारी बीड-धाराशिवची मुलं, मध्येच शाळा बदलणारी मुलं, यांना जुना संचच आधार असतो. तो त्या वर्षांत तुटला. जानेवारी 2025 मध्ये हा निर्णय रद्द झाला याचं मी स्वागत करतो. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तकं आता येत आहेत, तेव्हा लिहायच्या जागा स्वाध्यायपुस्तिकेत ठेवा आणि पाठ्यपुस्तक कोरं राहू द्या, हे बालभारतीला आत्ताच सांगायला हवं.

उरतं ते खरोखर उरलेलं. त्या मुलीच्या ढिगाऱ्यात तळाला अर्धवट वापरलेल्या फुलस्केप वह्या होत्या आणि वर्षभराची वर्तमानपत्रं. वह्यांची कोरी पानं नीटच्या मुलांसाठी फार कामाची, कारण कच्च्या कामाला रोज दहा-पंधरा पानं जातात. ती अशी बांधतात: लिहिलेली पानं काढून कोरी पानं एका आकारात ठोकून घ्यायची, ऐंशी-शंभरच्या वर नको. वर-खाली खोक्याच्या पुठ्ठ्याचे तुकडे लावून डाव्या कडेला दोन लाकडी पट्ट्यांत चिमटायचं. कडेपासून बोटभर आत टोच्यानं तीन भोकं पाडायची. जाड सुती दोरा मधल्या भोकातून खाली, वरच्या भोकातून वर, मग सरळ खालच्या भोकातून खाली आणि पुन्हा मधल्यातून वर घेऊन तिथं गाठ मारायची. कणा गोंदानं जोडलेल्या वहीची पानं उकाड्यात सुटतात, ही सुटत नाही. वही सपाट उघडत नाही, हा तिचा दोष, पण कच्च्या कामाला तो चालतो. वसतिगृहातल्या दोन मुलांना एकदा दाखवलं की ती दुपारभरात पंचवीस-तीस वह्या बांधतात.

वर्तमानपत्रांचा पहिला हक्क तालुक्यातल्या अभ्यासिकेचा. राज्यसेवा आणि पोलीस भरतीची मुलं चालू घडामोडींसाठी मागच्या वर्षभराची कात्रणं करतात, त्यामुळे तारखेच्या क्रमानं लावलेला सहा-आठ महिन्यांचा गठ्ठा त्यांना हवा असतो. क्रम मोडलेला गठ्ठा कुणी घेत नाही, म्हणून वसतिगृहातच महिन्यावार बांधून ठेवावा. त्याहून जुनं वर्तमानपत्र औषधाच्या दुकानासाठी, स्टेशनरीसाठी पिशव्या करायला चांगलं. मैद्याची खळ, दोन घड्या, तळाला एक दुमड, झालं. मात्र या पिशव्या भजी, चिवडा, भेळेच्या गाड्यावर जाता कामा नयेत. शाईतली रसायनं गरम आणि तेलकट पदार्थात उतरतात, आणि 2018 च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार वर्तमानपत्रात खाद्यपदार्थ बांधणं, ठेवणं मना आहे. खळीला कीड लागू नये म्हणून तीत विषारी मोरचूद घालायची जुनी रीत आहे, तेव्हा तर हे अधिकच पाळावं. बचत गटांना पिशव्यांचं काम देताना हे पहिल्याच दिवशी सांगितलं पाहिजे, कारण वडापाववाला औषधाच्या दुकानापेक्षा जास्त पिशव्या मागतो आणि नाही म्हणणं कठीण जातं.

लातूरच्या वसतिगृह चालकांकडे माझं मागणं एवढंच आहे की खोली रिकामी झाल्यावर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी आठ दिवस थांबा आणि जिन्याखालची जागा तेवढे दिवस वापरू द्या. क्लासचालकांनी शेवटच्या तासाला फळ्यावर तालुक्यांची यादी लिहावी. तालुक्याच्या कनिष्ठ महाविद्यालयांनी पुस्तकांची मागणी एप्रिल संपायच्या आत पाठवावी, कारण मे महिन्यातल्या पहिल्या सोमवारी सकाळी पहिला ऑटो वसतिगृहासमोर उभा राहिलेला असतो.